एका सकाळची १०७

«डॉक्टर, नमस्कार. मी ४१ वर्षांची शिक्षिका आहे. गेल्या तीन वर्षांत उपाशीपोटीची साखर तीनदा तपासली, ती ९२, ९७ आणि ९३ होती. मागच्या सोमवारी १०७ आली आणि पुढे ठळक ‘एच’ छापलेला होता. आदल्या रात्री उत्तरपत्रिका तपासत दीड वाजेपर्यंत जागी होते, सर्दी आणि थोडी कणकणही होती. ९३ चा नमुना लॅबचा माणूस घरी येऊन घेऊन गेला होता, हा मी लॅबमध्ये जाऊन दिला. वडिलांना मधुमेह होता. तेव्हापासून भात, पोळी, साखर सगळे बंद केले आहे आणि भावाच्या ग्लुकोमीटरवर रोज सकाळी बघते: ९८, १११, १०१, ९४, १०५. मला मधुमेह सुरू झाला आहे का? जीव टांगणीला लागला आहे. – एक वाचक, सांगली»

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. या आकड्यावरून तुम्हाला मधुमेह झाला आहे असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. मधुमेहाच्या निदानासाठी उपाशीपोटीची साखर १२६ किंवा त्याहून जास्त असावी लागते, आणि तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे नसतील तर एवढा आकडा आला तरी दुसऱ्या तपासणीने त्याला दुजोरा मिळाल्याशिवाय निदान केले जात नाही. हा दुजोऱ्याचा नियम कशासाठी आहे, हे समजले तर तुमच्या मनावरचा बराचसा भार उतरेल असे मला वाटते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उपाशीपोटीची साखर ही उंचीसारखी स्थिर गोष्ट आहे, अशी आपली नकळत समजूत झालेली असते. प्रत्यक्षात पाहा. तुमच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून कोणत्याही क्षणी जेमतेम चार ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. रात्री पोट रिकामे असताना मेंदू आणि इतर अवयव ते सतत उचलत असतात आणि यकृत तितकेच नवे ग्लुकोज रक्तात सोडत असते. साठ किलो वजनाच्या माणसात हा पुरवठा तासाला सुमारे सात ग्रॅम इतका असतो. म्हणजे दर तासाला रक्तात जितकी साखर येते आणि जाते, ती रक्तात उभ्या असलेल्या साखरेपेक्षा जास्त आहे. नळ सुरू आणि मोरीही उघडी असलेल्या टाकीसारखी ही स्थिती आहे. नळाची धार किंचित वाढली किंवा मोरी किंचित तुंबली की पातळी हलते, आणि इन्सुलिन ती पुन्हा जागेवर आणते. तुमच्या दंडातून रक्त काढले जाते तेव्हा या चाललेल्या हालचालीतला एक क्षण नळीत पकडला जातो, एवढेच.

ही पातळी रोज किती हलते, हे निरोगी माणसांचे रक्त पुन्हा पुन्हा तपासून मोजलेले आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीच्या तिसऱ्या फेरीत ६८५ जणांची तपासणी सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा झाली होती. त्या नोंदींवरून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच व्यक्तीच्या उपाशीपोटीच्या साखरेतला चढउतार ५.७ टक्के इतका निघाला. ग्लुकोजचे द्रावण प्यायल्यानंतर दोन तासांनी घेतलेल्या साखरेतला चढउतार १६.७ टक्के, म्हणजे जवळजवळ तिप्पट होता. इतर अभ्यासांतही उपाशीपोटीच्या साखरेचा आकडा पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच येतो. यात शरीराचा स्वतःचा वाटा सुमारे पाच टक्के आणि चांगल्या लॅबच्या मोजणीतला वाटा सुमारे दोन टक्के धरता येतो. दोन्ही मिळून सात होत नाहीत, कारण शरीर आणि यंत्र दर वेळी एकाच दिशेला झुकत नाहीत; एकत्रित चढउतार साडेपाच टक्क्यांच्या जवळ राहतो. पुढच्या हिशेबासाठी मी हाच आकडा घेतो.

टक्क्यांनी डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, म्हणून माझे स्वतःचेच आकडे देतो. मी पॅथॉलॉजीत नवा होतो तेव्हा लागोपाठ दहा कामाच्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास, एकाच यंत्रावर माझी उपाशीपोटीची साखर मोजली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. आकडे असे आहेत: ८९, ९४, ९१, ९८, ८७, ९३, १०२, ९०, ९५, ९१. सरासरी ९३. मी तेव्हा ठणठणीत होतो, रोजचे जेवण एकाच खानावळीतले होते, आणि तरी सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या आकड्यात १५ चा फरक पडला. १०२ चा दिवस रात्रपाळीनंतरचा होता. त्या पंधरवड्यात मी केवळ त्याच दिवशी रक्त दिले असते, तर माझ्याही अहवालावर तुमच्यासारखा ‘एच’ छापला गेला असता आणि बाकीच्या नऊ सकाळी कोणाला कळल्याच नसत्या.

आता हाच हिशेब तुमच्या आकड्यांवर करू. तुमच्या आधीच्या तीन तपासण्यांची सरासरी ९४ येते. तिचे साडेपाच टक्के म्हणजे साधारण ५. याचा अर्थ तुमची प्रकृती अजिबात न बदलता तीनपैकी दोन सकाळी तुमची साखर ८९ ते ९९ च्या दरम्यान सापडेल, आणि शंभरातील पंच्याण्णव सकाळी ती ८४ ते १०४ च्या दरम्यान राहील. उरलेल्या पाच सकाळी ती याबाहेर जाईल, काही वेळा खाली आणि काही वेळा वर. १०७ हा आकडा या पट्ट्याच्या थोडा बाहेर आहे, हे मी लपवणार नाही. पण ९४ ही सरासरी अवघ्या तीन आकड्यांची आहे आणि तिलाही डळमळीतपणा आहेच. तुमची खरी मधली पातळी ९६ किंवा ९७ असू शकते. तसे असेल तर १०७ हा पट्ट्याच्या काठावरच येतो.

दुसऱ्या बाजूनेही पडताळून पाहता येते. मागची आणि आताची, अशा दोनच तपासण्यांची तुलना करायची असेल तर हे लक्षात ठेवावे लागते की दोन्ही आकडे आपापल्या जागी हललेले असतात. कदाचित मागचा थोडा खाली गेलेला आणि आताचा थोडा वर आलेला. म्हणून दोन आकड्यांतला फरक खरा मानण्यासाठी तो एका आकड्याच्या चढउताराच्या सुमारे पावणेतीन पट असावा लागतो. जीवरसायनशास्त्रात याला रेफरन्स चेंज व्हॅल्यू म्हणतात. साडेपाच टक्क्यांच्या पावणेतीन पट म्हणजे सुमारे पंधरा टक्के. ९३ चे पंधरा टक्के म्हणजे १४, आणि ९३ अधिक १४ म्हणजे नेमके १०७. म्हणजे तुमच्या दोन तपासण्यांत पडलेला फरक, काहीही न बिघडता निव्वळ योगायोगाने जितका पडू शकतो, त्याच्या शेवटच्या टोकाला आहे. मी याला ‘काठावरचा’ म्हणेन. केवळ योगायोग एवढेच कारण असते तर मीही जरा थबकलो असतो. पण तुमच्या पत्रातच आणखी तीन कारणे आहेत, आणि ती या काठावरच्या आकड्याला बरेच आत ओढतात.

पहिले कारण जागरणाचे. पहाटेच्या सुमारास कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागते आणि जाग येण्याच्या वेळेला ते दिवसातल्या सर्वांत वरच्या पातळीजवळ असते. शरीराला उठण्यासाठी तयार करण्याचा तो भाग आहे, आणि त्यात यकृताला ग्लुकोज सोडायला सांगणेही येते. म्हणूनच उपाशी माणसाची साखर दुपारपेक्षा सकाळी थोडी जास्त सापडते. निरोगी माणसात इन्सुलिन या पहाटेच्या धारेला लगाम घालते. मात्र झोप चार-पाच तासांचीच झाली की दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, म्हणजे लगाम तोच पण हात सैल. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एका बाजूने कमी होत असताना दुसऱ्या बाजूने तुमचे शरीर ही तयारी करत होते.

दुसरे कारण सर्दी आणि कणकणीचे. कोणताही संसर्ग, अगदी साधा विषाणूजन्य पडशाचा असला तरी, कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन वाढवतो, आणि ही दोन्ही संप्रेरके साखर वर नेणारी आहेत. आजारात शरीराला इंधन हाताशी लागते, म्हणून ते यकृताचे कोठार थोडे जास्त उघडते. त्यामुळे अंगात कणकण असताना घेतलेली साखर ही त्या आजारपणाची साखर असते. एरवीच्या तुमच्या साखरेबद्दल तिच्यावरून मत बनवू नये. नुसत्या तपासणीसाठी येणाऱ्या माणसाला ताप किंवा सर्दी असेल तर मी त्याला आठवड्याने यायला सांगतो. तुम्हालाही त्या सकाळी कोणीतरी तसे सांगायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

तिसरे कारण असे आहे की त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि तुम्ही ते सहज लिहून गेलात: आधीचा नमुना घरी येऊन नेला होता. रक्त नळीत काढले म्हणून त्यातल्या पेशी मरत नाहीत. त्या जिवंत असतात आणि भोवतालची साखर खात राहतात. साधारण तपमानाला, पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तात ग्लुकोज दर तासाला पाच ते सात टक्क्यांनी कमी होत जाते. हे थांबवण्यासाठी साखरेचा नमुना करड्या बुचाच्या, फ्लोराइड घातलेल्या नळीत घेतात. पण फ्लोराइड पेशींच्या पचनसाखळीतल्या बऱ्याच शेवटच्या पायरीला अडवते, त्यामुळे त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात आणि तेवढ्या वेळात साखर थोडी घटतेच. नमुना घेणारा माणूस सकाळी सहाला तुमच्याकडे आला, मग आणखी पाच घरे करून आठला लॅबमध्ये पोहोचला, असे झाले असेल तर तुमची तेव्हाची ९३ प्रत्यक्षात ९७-९८ असण्याची चांगलीच शक्यता आहे. या वेळी तुम्ही लॅबमध्ये बसून रक्त दिलेत, ते थोड्याच वेळात फिरवून पेशी वेगळ्या केल्या गेल्या असतील, आणि म्हणून घट झाली नसेल. ९८ आणि १०७ यांतला फरक ९ चा, म्हणजे नऊ टक्क्यांचा. तो पंधरा टक्क्यांच्या सीमेच्या बराच आत आहे.

मला इथे थोडे थांबून सांगावेसे वाटते की विचित्र आकडा आला की आपण नेहमी नव्या आकड्याचा दोष शोधतो. जुन्याकडे कोणी पाहत नाही. लॅबच्या कामात मला अनेकदा उलटे आढळले आहे. ‘मागच्या वेळी किती छान होती’ असे म्हणून दाखवलेल्या जुन्या अहवालातली साखरच नळीत बसून खाली आलेली असते.

आता ग्लुकोमीटरबद्दल. घरी मधुमेह असलेल्या माणसाला औषधाचा परिणाम पाहण्यासाठी हे यंत्र फार मोलाचे आहे, पण ९५ आणि १०५ यांतला फरक सांगण्यासाठी ते बनवलेलेच नाही. या यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात अपेक्षा अशी आहे की शंभरापैकी पंच्याण्णव मोजण्या, साखर १०० पेक्षा कमी असेल तर खऱ्या आकड्याच्या १५ अंकांच्या आत आणि १०० किंवा जास्त असेल तर १५ टक्क्यांच्या आत असाव्यात. म्हणजे तुमची खरी साखर ९८ असेल तर पडद्यावर ८३ पासून ११३ पर्यंत काहीही दिसले, तरी यंत्र नियमाप्रमाणेच चालले आहे असे म्हणावे लागेल. तुमचे पाचही आकडे, ज्या दिवशी तुमचा धीर सुटला असेल त्या १११ सह, याच पट्ट्यात बसतात. त्याशिवाय बोटाची स्थिती असते. फळ कापून किंवा सोलून हात न धुता बोटाला सुई टोचली, तर रक्ताच्या बारीक थेंबात बोटावरची साखर मिसळते आणि आकडा भलताच वर जातो. फक्त सॅनिटायझर लावून ती नीट निघत नाही, साबण आणि पाणीच लागते. पट्ट्यांची डबी उघडी राहिली, दमट हवा लागली, तरी आकडे बिघडतात. म्हणून हे यंत्र तुमच्या भावाला परत द्या. त्याची गरज त्याला आहे.

तुमच्या बंद केलेल्या जेवणाबद्दल मला जास्त काळजी वाटते. भात, पोळी एकदम सोडून काही दिवसांनी तपासणी केली, तर जो आकडा येईल तो तुमच्या रोजच्या जीवनाचा नसेल. त्यातही पुढे कधी ग्लुकोजचे द्रावण पिऊन दोन तासांची तपासणी करायची वेळ आली, तर कमी पिष्टाच्या जेवणानंतर ती चुकून वाढीव येऊ शकते. म्हणूनच त्या तपासणीआधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असे सांगितले जाते. दोन वेळच्या वरण-भात-पोळी-भाजीच्या साध्या जेवणात तेवढी सहज होतात. आजपासून तुम्ही नेहमी जेवता तसे जेवा.

तपासणी पुन्हा करायची आहे, ती मात्र नीट करू. सर्दी पूर्ण बरी झाल्यावर एक आठवडा जाऊ द्या. मधल्या काळात कोणी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिले असेल तर ते तुमच्या डॉक्टरांना सांगा, कारण त्याने साखर वाढते. मग एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या सकाळी, त्याच लॅबमध्ये स्वतः जाऊन, साडेसात ते नऊच्या दरम्यान, शिरेतून रक्त द्या. रात्रीचे जेवण नऊच्या आत उरका, म्हणजे उपवास दहा-बारा तासांचा होईल. आठ तासांपेक्षा कमी नको आणि चौदा-पंधरा तास ताणूही नका. पाणी प्या, चहा मात्र रक्त दिल्यावर. घाईघाईने जिना चढून गेला असाल तर खुर्चीवर दहा मिनिटे शांत बसा आणि मग हात पुढे करा. नळीचे बुच करडे आहे ना, हे पाहायला संकोच करू नका. चांगल्या तंत्रज्ञाला असा प्रश्न आवडतो.

दोनपैकी एका नमुन्याबरोबर एचबीए१सी करून घ्या. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देते, एका रात्रीच्या जागरणाने ती हलत नाही, आणि वर सांगितलेल्या अभ्यासात एकाच व्यक्तीतला तिचा चढउतार ३.६ टक्के, म्हणजे उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा कमी निघाला होता. तिचीही एक मर्यादा आहे. ती हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे लोहाची कमतरता असेल तर ती खोटी वाढलेली दिसू शकते. आपल्याकडे तुमच्या वयाच्या अनेक स्त्रियांना ही कमतरता असते आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. म्हणून सोबत हिमोग्लोबिन तपासलेले असावे.

दोन्ही सकाळचे आकडे हाती आले की त्यांची सरासरी काढा. एका आकड्यात जो साडेपाच टक्क्यांचा डळमळीतपणा आहे तो दोघांच्या सरासरीत चारच्या खाली येतो, म्हणून ती एकट्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासाची. ती शंभराच्या आत आली आणि एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल, तर वडिलांच्या मधुमेहामुळे वर्षातून एकदा तपासणी करत राहा, त्यापलीकडे काही करायचे नाही. सरासरी १०० ते १२५ च्या दरम्यान आली, तर तिला मधुमेहपूर्व स्थिती म्हणतात आणि तुमच्या डॉक्टरांशी बसून वजन, चालणे, जेवण यांबद्दल बोलावे. इथेही हे सांगितले पाहिजे की १०० ही रेघ माणसांनी ओढलेली आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती २००३ मध्ये ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटना आजही ११० च मानते. तुमची १०७ एका नियमाने रेघेच्या वर आहे आणि दुसऱ्या नियमाने खाली. रेघेच्या अलीकडे ९९ वर असलेले शरीर आणि पलीकडे १०१ वर असलेले शरीर यांत काहीही वेगळे नसते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती हमखास घडते. पुढची साखर बहुधा १०७ पेक्षा कमी येईल, तुम्ही काहीही केले नाही तरी. नेहमीपेक्षा वर गेलेला आकडा पाहूनच आपण पुन्हा तपासायला जातो, आणि वर गेलेला आकडा पुढच्या वेळी आपल्या मधल्या पातळीकडे परत यायचाच. मधल्या दिवसांत शेजारच्या काकूंनी सुचवलेला कारल्याचा रस घेतला असेल तर श्रेय त्याला जाते, मेथीचे पाणी घेतले असेल तर मेथीला. मग तो रस वर्षानुवर्षे चालतो, आणि काही घरांत त्याच्या भरवशावर खऱ्या मधुमेहाची औषधेही बंद होतात. असे रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

हे सगळे वाचून कोणी आपला प्रत्येक वाढलेला आकडा ‘रोजचा चढउतार’ म्हणून बाजूला ठेवू नये, यासाठी या हिशेबाच्या मर्यादाही लिहितो. ९४ ची मधली पातळी असलेल्या माणसात रोजच्या चढउताराने १०४, १०६ येईल. १२६ येणार नाही. तेवढा आकडा आला तर काही दिवसांतच पुन्हा तपासावे. खूप तहान, रात्री तीन-चारदा लघवीला उठणे, कारण नसताना वजन उतरणे असे काही असेल तर हिशेब करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गर्भवती स्त्रियांसाठी नियम आणि आकडे पूर्णपणे वेगळे आहेत. वर लिहिलेले त्यांना लागू नाही. आणि ज्याच्याकडे माझे सर्वांत जास्त लक्ष जाते तो प्रकार असा की पाच वर्षांच्या पाच अहवालांत ८४, ८८, ९१, ९५, ९९ असे आकडे आहेत. यातल्या एकाही आकड्यापुढे ‘एच’ नाही, प्रत्येक वेळी घरी ‘नॉर्मल आहे’ असे सांगितले गेले आहे, आणि तरी एकाच दिशेने चढत गेलेली ही ओळ तुमच्या एकट्या १०७ पेक्षा मला जास्त बोलकी वाटते. निव्वळ चढउतार असता तर आकडे मध्येच खालीही आले असते, जसे तुमचे ९२, ९७ आणि मग ९३ आले.

म्हणून अहवाल फेकू नका. एका वहीच्या पानावर तारीख, आकडा, नमुना कुठे घेतला आणि त्या दिवशी तब्येत कशी होती, एवढे लिहून ठेवा. सोमवारच्या ओळीत १०७ लिहा आणि पुढे ‘जागरण, सर्दी’ असे लिहा. दोन तपासण्यांचे आकडे आले की मला त्या पानाची प्रत पाठवा, मी ते पाहून उत्तर देईन.